चिवडी, पांढरी-नारिंगी-काळी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांजरीचं नाव चिवडी. पांढऱ्यावर नारिंगी आणि काळे डाग, कुणीतरी मूठभर चिवडा सांडल्यासारखे, म्हणून चिवडी. तीन वर्षांत ती घराबाहेर गेली ती फक्त टोपलीतून, डॉक्टरकडे. गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला पाण्याचं मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सेफ्टी डोअर उघडं ठेवलं आणि चिवडी गेली. सव्वापाचला काकूंच्या भाच्याने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. फोटोखाली लिहिलं होतं:

‘आमची लाडकी चिवडी हरवली आहे. अतिशय प्रेमळ आणि गुणी आहे. आम्ही सगळे खूप काळजीत आहोत. कुणाला दिसल्यास कृपया बी-३०२ मध्ये कळवावे. आम्ही दिवसभर बाहेर असतो, त्यामुळे सातनंतर यावे. शोधून देणाऱ्यास योग्य बक्षीस. जास्तीत जास्त शेअर करा.’

दहा मिनिटांत एकवीस हात जोडले गेले, तीन जणांनी ‘काळजी करू नका, येईल’ असं लिहिलं, आणि एका आजोबांनी त्याच्याच खाली पाणीकपातीची सूचना टाकली. चिवडी वर सरकत सरकत दिसेनाशी झाली. तासाभराने माझ्या भिशीच्या ग्रुपवर तोच फोटो आला. नुसता फोटो, खाली एक अक्षर नाही. कुणीतरी विचारलं, ‘गोड आहे! कुणाची?’

त्या क्षणी माझ्यातली जुनी मुद्रितशोधक जागी झाली. मी वर गेले. भाच्याला म्हटलं, “बाळा, हे तू तुझ्या मनासाठी लिहिलं आहेस. ज्याला ती दिसणार आहे, त्याच्यासाठी लिहू या.”

पहिली गोष्ट फोटोची. त्याने टाकलेला फोटो दिवाळीतला होता. चिवडी रेशमी उशीवर, डोळे मिटून, चेहरा पंजांत. सुंदर, पण त्यावरून ओळखणार काय? तीन रंगांच्या मांजरीत डाग कुठल्या बाजूला कसे आहेत हीच ओळख असते. म्हणून एका अंगाने उभी असलेली, शेपटीसकट सगळी दिसेल अशी चिवडी शोधली आणि शेजारी चेहऱ्याचा एक फोटो जोडला. मजकूर फोटोखाली न लिहिता फोटोवरच लिहिला. व्हॉट्सअॅपवर फोटो पुढे जाताना खालचा मजकूर वाटेत गळून पडू शकतो, हे भिशीत दिसलंच होतं. फोटोवर छापलेला मजकूर काही गळत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याची. फ्लॅट नंबर आणि ‘दिवसभर बाहेर असतो’ हे एकाच संदेशात लिहून तो जास्तीत जास्त लोकांना पाठवा म्हणणं, म्हणजे मांजर गेलं ते गेलं, आता कपाटही न्या असं सांगणं. बिल्डिंग, चौक आणि एक फोन नंबर पुरतो. नंबरही एकच. दोन दिले की दोघेही ‘त्याने उचलला असेल’ म्हणतात.

बक्षिसावरून आमचं थोडं वाजलं. काकू पाच हजार द्यायला तयार होत्या. मी म्हटलं, रक्कम लिहू नका आणि बक्षीस हा शब्दही नको. पैशांच्या आशेने सोसायटीतली सगळी पोरं मांजरीच्या मागे धावली, तर आज जी चाळीस पावलांवर दडली असेल ती उद्या मुख्य रस्ता ओलांडून गेलेली असेल. जो शोधून देईल त्याला नंतर हवं ते द्या.

दडली असेल, असं मी म्हणत होते ते उगाच नाही. घरातच वाढलेली मांजर बाहेर पडली की भटकत नाही, लपते. २०१८ साली बाराशे दहा हरवलेल्या मांजरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यात जी सापडली त्यांतली तीन-चतुर्थांश घरापासून पाचशे मीटरच्या आतच सापडली होती, आणि सगळ्यात उपयोगी पडलं होतं ते स्वतः पायी फिरून शोधणं. घाबरलेली मांजर ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. आवाज केला तर शत्रूला कळेल, एवढंच तिला त्या वेळी कळतं. काकू शनिवारी रात्री चिवडीच्या तीन हात अंतरावरून ‘चिवडे, चिवडे’ करत गेल्या होत्या, हे पुढे कळलं.

तर नऊ वाजता नवी सूचना गेली:

‘हरवली: चिवडी, मांजर, मादी, वय ३ वर्षं. पांढऱ्या अंगावर नारिंगी आणि काळे डाग, उजवा कान काळा, शेपटीचं टोक किंचित वाकडं. गळ्यात पट्टा नाही. शनिवारी दुपारी ४ वाजता बी विंगच्या जिन्यातून खाली गेली. ती घाबरलेली आहे, हाकेला येणार नाही. दिसली तर धरू नका, मागे धावू नका. आहे तिथूनच फोटो काढा, जागा सांगा आणि या नंबरवर फोन करा, रात्री कितीही वाजता. गाडी काढण्याआधी खाली एकदा वाकून बघा. आपापली पंपरूम, मीटररूम, गच्चीचा जिना आणि बंद गॅरेज उघडून बघा. सापडल्यावर इथेच कळवू.’

त्याखाली तारीख आणि वार. आणि एक खूण मुद्दाम लिहिली नाही. चिवडीच्या मागच्या डाव्या पंजाच्या गुलाबी गादीवर एक काळा ठिपका आहे. ती खूण काकूंनी मनात ठेवली.

तिचा उपयोग रविवारी दुपारीच झाला. एका अनोळखी नंबरवरून फोन आला, ‘तुमचा बोका माझ्याकडे सुखरूप आहे. रिक्षाने आणून देतो, आठशे रुपये पाठवा, लगेच निघतो.’ तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, तेव्हा बोका म्हटल्यावर मला शंका आली. पण काकूंचा हात यूपीआयकडे निघालाच होता. त्यांनी फोटो मागितला. आला तो आमचाच फोटो, कडेने कापलेला. मग त्यांनी विचारलं, “मागच्या डाव्या पंजावर काय आहे?” पलीकडून फोन बंद. माणूस खरंच सापडलेलं मांजर घेऊन बसला असेल, तर त्याला पंजा उचलून बघायला अर्धं मिनिट लागतं.

इथपर्यंत सगळं मोबाइलवर चाललं होतं. पण सोसायटीत पहाटे चार ते सहा या वेळात जागं असतं कोण? दूधवाला, पेपरवाला, गाड्या धुणारा मुलगा, कचरा गोळा करणाऱ्या मावशी, रात्रपाळीचे वॉचमन. यांतलं कुणीही आमच्या ग्रुपवर नाही. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, डक्टमध्ये ज्यांची नजर रोज जाते ती माणसं नेमकी बाहेर, आणि ग्रुपवर आम्ही, जे लिफ्टमधून थेट गाडीत बसतो. म्हणून रविवारी सकाळी ए-फोरच्या वीस रंगीत प्रती काढल्या. वरच्या अर्ध्या पानात फोटो, खाली मोठ्या अक्षरांत चार ओळी आणि नंबर. प्रत्येक लिफ्टमध्ये एक, गेटवर एक, शेजारच्या दोन सोसायट्यांच्या गेटवर एकेक, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एक. मावशींना वाचता येत नाही, त्यांच्या हातात प्रत देऊन तोंडी सांगितलं. त्यांनी फोटो नीट बघितला आणि म्हणाल्या, “कान काळा. बरं.” आदल्या संध्याकाळी एकवीस हात जोडले गेले होते, पण कान कुणी बघितला नव्हता.

कुणीतरी सल्ला दिला होता की मांजरीची शीची वाळू दाराबाहेर पसरा, वासावर येते. मी नको म्हटलं. त्या वासाने गल्लीतले बोके जमतात आणि दडलेली मांजर आणखी आत सरकते. त्यापेक्षा रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर, बॅटरी घेऊन फिरलेलं बरं. बॅटरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरायची, कमरेशी नाही. मांजरीच्या डोळ्यांतल्या पडद्यावरून प्रकाश आल्या वाटेनेच परत येतो, म्हणून डोळे चमकताना दिसायचे तर बॅटरी आपल्या डोळ्यांजवळच हवी. रविवारी रात्री आम्ही दीड तास असे फिरलो. चार जोड्या चमकल्या, चारही परक्या.

सोमवारी पहाटे पाऊण वाजता नाही, एक वाजता नाही, पावणेपाचला फोन वाजला. मावशी ए विंगच्या पंपरूमजवळचा डबा उचलत होत्या. आत, काढून ठेवलेल्या जुन्या दारांच्या मागे त्यांना काहीतरी हललेलं दिसलं. त्यांनी हात घातला नाही. वॉचमनमामांना बोलावलं, मामांनी गेटवरच्या कागदावरचा नंबर लावला. बी विंगच्या जिन्यापासून ती जागा मी नंतर मोजली. बेचाळीस पावलं.

पुढचा पाऊण तास मात्र सगळ्यात कठीण गेला, कारण काही करायचंच नव्हतं. पंपरूमचं दार लावून घेतलं, आत फक्त काकू. त्या फरशीवर बसल्या, दारांकडे पाठ करून, आणि ताटलीत गरम पाण्यात भिजवलेली सुकट ठेवली. त्या हाकही मारत नव्हत्या, हातही पुढे करत नव्हत्या. सहाच्या आत पाण्याचा पंप सुरू होणार म्हणून मामा स्विचजवळ उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीला पाणी पंचवीस मिनिटं उशिरा मिळालं. त्याबद्दल ग्रुपवर जो काही मजकूर आला तो इथे देत नाही. साडेपाचला चिवडी बाहेर आली, अंगभर कोळिष्टकं, आणि सुकट खायला लागली. काकूंनी आधी उशीचा अभ्रा तिच्या अंगावर टाकला आणि मग टोपलीत घेतलं. सकाळी डॉक्टरकडे नेलंच. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर मांजराच्या यकृताला इजा होऊ शकते, त्यातून चिवडी चांगली गुबगुबीत. सुदैवाने तसं काही झालेलं नव्हतं.

सातला काकूंनी ग्रुपवर लिहिलं, ‘चिवडी मिळाली. मावशींमुळे आणि मामांमुळे.’ खाली टोपलीतला फोटो. भिंतीवरचे सगळे कागद भाच्याकडून त्याच दिवशी काढून घेतले. शनिवारचा पहिला संदेश त्याने ग्रुपवरून ‘सगळ्यांसाठी’ पुसलाही. पण जे पुढे पाठवलं गेलं ते कुणाच्या हातात राहत नाही. दुसऱ्या सूचनेवर तारीख होती, ती आठवड्याभरात थांबली. पहिलीवर नव्हती. ती अजून हिंडते आहे, हडपसर, नाशिक, एकदा तर कुणाच्या तरी दुबईच्या ग्रुपवरून.

परवा सकाळी साताऱ्याच्या माझ्या मावसबहिणीने मला ती पाठवली. मांजर रेशमी उशीवर, डोळे मिटून, खाली लिहिलेलं, ‘तुमच्याच भागातली दिसते गं, जरा बघ ना.’ मी फोन घेऊन वर गेले. चिवडी काकूंच्या पेपरवर आडवी पसरली होती आणि काकू तिच्या पोटाखालून शब्दकोडं ओढायच्या प्रयत्नात होत्या.