ओठ बधिर, दाढ जागी!
मैत्रिणींनो, टिटवाळ्यातल्या दातांच्या दवाखान्यासाठी रूट कॅनॉलच्या व्हिडिओचा मजकूर लिहिला. ‘मुळीच दुखत नाही’ असं मुद्दामच लिहिलं नाही. त्यावर कोण विश्वास ठेवणार? लिहिलं ते असं:

“ताई, इंजेक्शननंतर दहा-पंधरा मिनिटांत ओठ जड होईल. पण खालची दाढ फार ठणकत असली, तर ओठ बधिर होऊनही दाढ जागीच राहते बरं का! म्हणून डॉक्टर दाढेला गार बोळा लावून बघतील. कळ आली तर खुशाल सांगा. दाढेच्या कडेला आणखी औषध देता येतं. मगच आतली सुजलेली नस काढतील. मध्येच दुखलं, तर डावा हात वर करा, डॉक्टर थांबतील. बधिरपणा उतरेपर्यंत जेवू नका, गाल चावला जातो. दोन-तीन दिवस चावताना दुखेल. सूज वाढली किंवा ताप आला, तर मात्र लगेच या.”