वरचढ कोण, आणि कुठपर्यंत?

वर्धा जिल्ह्यात खरिपाच्या तोंडावर कृषी केंद्रावरून बीटी कापसाचे 475 ग्रॅमचे जे पाकीट विकले जाते, त्याला एकाच वेळी दोन सरकारांचे कायदे लागू असतात. पाकिटाची कमाल किंमत दिल्ली ठरवते. बियाणे उगवले नाही किंवा सदोष निघाले, तर शेतकरी भरपाईचा अर्ज मात्र राज्याच्या कायद्याखाली करतो. बियाण्यावर काही वाद उपटला की चावडीपासून वर्तमानपत्रापर्यंत एकच उत्तर मिळते: केंद्राचा कायदा वरचढ, विषय संपला. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच हिंगणघाट-आर्वीच्या शेतकऱ्याचा हक्क आहे. यंदाच्या पावसाची, भावाची आणि निवडणुकांची उजळणी इतरत्र पुरेशी झाली असल्याने या संपादकीयाची जागा त्या उरलेल्या अर्ध्यासाठी ठेवली आहे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कायदे करण्याचे विषय तीन याद्यांत वाटलेले आहेत: संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. शेती हा राज्याचा विषय आहे. पण कापूस, मग तो सरकी काढलेला असो वा नसो, आणि कापसाचे बियाणे यांचा व्यापार समवर्ती सूचीच्या 33 व्या नोंदीत येतो. 1954 च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने ही नोंद आजच्या रूपात आली. त्यामुळे बियाण्याच्या विक्रीवर संसद आणि विधानसभा दोघींनाही कायदा करता येतो. दोघींनी केला आणि ते जुळले नाहीत, तर निवाडा अनुच्छेद 254 प्रमाणे होतो.

त्या अनुच्छेदाचा पहिला खंड सांगतो की विसंगती असेल तिथे संसदेचा कायदा चालेल आणि राज्याचा कायदा ‘विसंगतीपुरता’ शून्यवत होईल. वादात नेमकी हीच मर्यादा विसरली जाते. राज्याचा सगळा कायदा बाद होत नाही, त्यातले जे कलम आदळते तेवढेच बाद होते. म्हणून आधी पाहायचे ते हे की दोन्ही कायदे एकाच गोष्टीबद्दल बोलतात का. मग पाहायचे की एक पाळला तर दुसरा मोडतो का, किंवा संसदेने त्या विषयाची संपूर्ण व्यवस्था स्वतःच लावून राज्याची जागाच संपवली आहे का. दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आले, तर दोन्ही कायदे शेजारी शेजारी नांदतात.

कापूस बियाण्याचा इतिहास या कसोटीवर लावून पाहता येतो. जीवनावश्यक वस्तू कायदा 1955 चा. 2006 च्या दुरुस्तीने त्यातली वस्तूंची यादी आटोपशीर केली आणि त्या यादीत कापसाचे बियाणे नव्हते. बीटी पाकिटाच्या किमतीवर तेव्हा रान पेटले होते. आंध्र प्रदेशाने 2007 मध्ये स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्राने 2009 मध्ये कापूस बियाण्यांचा पुरवठा, वितरण, विक्री आणि विक्री किंमत यांचे नियमन करणारा कायदा केला. त्याच वर्षाअखेर केंद्राने कापसाचे बियाणे पुन्हा जीवनावश्यक वस्तूंत घातले.

मग महाराष्ट्राचा किमतीचा अधिकार त्याच दिवशी गेला का? नाही. 1956 च्या टिका रामजी खटल्यात, उत्तर प्रदेशातल्या उसाच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की केंद्राकडे आदेश काढण्याचा नुसता अधिकार असल्याने विसंगती होत नाही; आदेश प्रत्यक्ष निघावा लागतो. किमतीचा आदेश निघाला नव्हता तोवर राज्ये आपापल्या किमती ठरवत राहिली आणि एकाच कंपनीचे पाकीट वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या भावाने विकले गेले.

डिसेंबर 2015 मध्ये केंद्राचा कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश निघाला. 2016-17 च्या हंगामासाठी बोलगार्ड-2 च्या पाकिटाची कमाल किंमत देशभर 800 रुपये झाली, 2018-19 साठी ती 740 वर आली आणि 2025-26 साठी 901 वर गेली. आता राज्याने त्याच पाकिटाला वेगळी किंमत लावली तर विक्रेत्याला एक आकडा पाळताना दुसरा मोडावा लागेल. ही सरळ टक्कर आहे. जीवनावश्यक वस्तू कायद्याचे कलम 6 सांगते की कलम 3 खालचा असा आदेश इतर कोणत्याही कायद्यातल्या विसंगत मजकुराला न जुमानता लागू होईल.

अशाच कलमाचा वाद या भागाला जुना आहे. वर्धा मध्य प्रदेशात होते तेव्हा, परवान्याविना कापड नेल्याच्या हरिशंकर बागला खटल्यात, नागपूर उच्च न्यायालयाने 1946 च्या पुरवठा कायद्यातले तसेच कलम अवैध ठरवले होते. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. मात्र असे कलम दुसरा कायदा रद्द करत नाही, तेवढ्यापुरता बाजूला सारते, असे स्पष्ट केले. म्हणून 2009 च्या कायद्यातला किमतीचा भाग निजला आहे, बाकीचा कायदा जागा आहे.

त्या जाग्या भागाची किंमत 2017 च्या गुलाबी बोंडअळीत कळली. विदर्भातल्या शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने ‘जी फॉर्म’ भरले. हा अर्ज राज्याच्या कायद्याखालच्या नियमांतला आहे. केंद्राचा 1966 चा बियाणे कायदा दर्जा आणि तपासणी पाहतो; नुकसानभरपाईची तरतूद त्यात नाही. किमतीच्या आदेशातही ती नाही. टक्कर नाही, म्हणून राज्याची तरतूद टिकते. अर्ज उभा राहायचा तर बिल, पाकीट आणि त्यावरचा टॅग हाताशी हवा. ‘केंद्राचा कायदा आला’ म्हणून ते फेकून देणाऱ्याचा दावा तिथेच लंगडा होतो.

राज्याला टक्कर होऊनही आपला कायदा राखायचा असेल, तर अनुच्छेद 254 चा दुसरा खंड वाट देतो. विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवायचे आणि संमती मिळवायची. मग त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. हे कवच कायमचे नाही. परंतुकानुसार संसद त्यानंतरही कायदा करून ते मोडू शकते. झवेरभाई अमैदास खटल्यात हेच झाले. विनापरवाना ज्वारी हलवल्याच्या गुन्ह्याला मुंबई प्रांताच्या 1947 च्या कायद्याने सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती आणि त्याला गव्हर्नर जनरलची संमतीही होती. पुढे 1950 मध्ये संसदेने त्याच शिक्षेची नवी मांडणी केली, आणि 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचे कलम निष्प्रभ ठरवले.

पण हे कवच मोडण्याचे काम संसदेनेच करायचे असते. संमती मिळालेला राज्याचा कायदा रद्द करण्याचा अधिकार संसद कोणा अधिकाऱ्याकडे सोपवू शकत नाही, हेही टिका रामजी खटल्यातच ठरले. मंत्रालयाचा आदेश आणि संसदेचा कायदा यांचे वजन इथे सारखे नाही.

या अंकाचा विषय ‘हद्द’ असा ठरला आहे. बांधाच्या, गावाच्या आणि भाषेच्या हद्दींवर पुढे लेख आहेतच. कायद्यांच्या हद्दीवर यापुढे वाद झाला, तर प्रश्न ‘वरचढ कोण’ असा न विचारता ‘कोणते कलम, कशाशी आदळते आणि कुठपर्यंत’ असा विचारावा. उद्या संसदेने भरपाईसह बियाण्यांचा परिपूर्ण कायदा केला, तर जी फॉर्मवर गंडांतर येईल. तोवर पाकिटाची किंमत केंद्राची आणि भरपाईचा अर्ज राज्याचा, ही विभागणी कायम आहे.