जाहिरातीत माणूस नको, काम लिहा

‘मार्केटिंगसाठी तरुण, तडफदार मुले पाहिजेत. वय २५ च्या आत. स्वतःची बाईक आवश्यक. अविवाहितांस प्राधान्य.’ वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत, दुकानांच्या काचांवर, व्हॉट्सॲपच्या गटांत असा मजकूर रोज दिसतो. शेजारीच दुसरी जाहिरात असते: ‘रिसेप्शनिस्ट पाहिजे, फक्त मुली, दिसायला स्मार्ट.’ हा मजकूर बदलला पाहिजे असे म्हटले की चार आक्षेप हमखास पुढे येतात. त्यांची उत्तरे क्रमाने देतो.

पहिला आक्षेप असा, की शब्दांनी काही बिघडत नाही. ‘मुले’ म्हटले तरी ज्या मुलीला काम हवे ती विचारायला येतेच. याची तपासणी अमेरिकेत सँड्रा आणि डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने केली होती. त्यांचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. टेलिफोन कंपनीच्या जाहिराती त्यांनी शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना दाखवल्या. तारा जोडणाऱ्या लाइनमनच्या कामाची जाहिरात पुरुषांना उद्देशून होती, तेव्हा १०० पैकी ५ मुलींनी त्यात रस दाखवला. तेच काम लिंगनिरपेक्ष शब्दांत मांडले, तेव्हा २५ जणींनी. मुलांचेही तसेच झाले: टेलिफोन ऑपरेटरच्या कामात रस घेणारे ३० वरून ७५ वर गेले. काम तेच होते, बदलला होता फक्त मजकूर.

आपल्याकडचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १९७४ मध्ये टेल्कोची अभियंत्यांसाठीची जाहिरात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत लागली होती आणि स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे तीत स्पष्ट म्हटले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले, पुण्यात त्यांची मुलाखत झाली आणि त्या कंपनीत रुजू झाल्या. ‘जिला यायचे ती येतेच’ याचा पुरावा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला ती नेमकी उलट वाटते. नोकरीचा साधा अर्ज करायला थेट उद्योगसमूहाच्या अध्यक्षांना पत्र लिहिण्याचे धाडस लागत असेल, तर ते धाडस नसलेल्या हुशार मुली त्या फलकापासूनच परत फिरतात. त्यांची नोंद कोणीच ठेवत नाही आणि मालक मात्र म्हणत राहतो की ‘मुली अर्जच करत नाहीत’.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: कामाची गरजच तशी असते. फिरती असते, उशीर होतो, वजन उचलावे लागते. हे खरे असेल तर तेच लिहा. मुळात ‘मुले’, ‘तरुण’, ‘अविवाहित’ हे शब्द कामाविषयी काहीच सांगत नाहीत. ते मालकाच्या मनातल्या माणसाचे वर्णन करतात आणि काय काम करायचे हे अर्जदाराने अंदाजाने ओळखायचे असते. वरचीच जाहिरात उकलून पाहू. ‘तडफदार मुले’ म्हणजे रोज ३० ते ३५ दुकानांत जाऊन ऑर्डर घेणारी माणसे. ‘२५ च्या आत’ म्हणजे नवखा चालेल, पण पगार कमी. ‘स्वतःची बाईक’ म्हणजे दुचाकीवरून फिरता आले पाहिजे. स्कूटर चालवणाऱ्या मुलीला तो शब्द परका वाटतो. ‘अविवाहित’ म्हणजे महिन्यातून चार दिवस बाहेरगावी मुक्काम आणि महिनाअखेरीला उशीर. आता मजकूर असा होतो:

‘विक्री प्रतिनिधी पाहिजेत. काम: नेमून दिलेल्या भागात रोज ३० ते ३५ दुकानांतून ऑर्डर घेणे व आठवड्याची वसुली. दुचाकीचा परवाना आवश्यक, पेट्रोल भत्ता मिळेल. वेळ सकाळी १० ते सायंकाळी ७. महिनाअखेरीचे दोन दिवस रात्री ९ पर्यंत. महिन्यातून चार दिवस बाहेरगावी मुक्काम, राहण्याची सोय कंपनीची. अनुभव नसला तरी चालेल. सर्व लिंगांच्या उमेदवारांनी अर्ज करावेत.’

या मजकुरात मालकाची एकही खरी गरज सुटलेली नाही. उलट मुक्काम झेपणार नाही असा लग्न न झालेला मुलगा आता आपणहून बाजूला होईल आणि ज्या विवाहित बाईला तो सहज जमतो ती पुढे येईल. रिसेप्शनिस्टच्या जाहिरातीलाही हीच कसोटी लावावी. ‘दिसायला स्मार्ट’ खोडून ‘मराठी व हिंदीत फोनवर नीट बोलता यावे, येणाऱ्यांची नोंद संगणकावर ठेवता यावी’ असे लिहिले, की कामाला लागणारे कौशल्य दिसू लागते.

काही ठिकाणी लिंगाची अट रास्त असते. महिला वसतिगृहाची अधीक्षिका किंवा स्त्रियांची अंगझडती घेणारी सुरक्षारक्षक स्त्रीच हवी. तिथे अट घालावी आणि कारणही सोबत लिहावे. कारण लिहिता येत नसेल तर ती अट नसून सवय आहे, असे खुशाल समजावे. शिवाय कायद्याचे बंधन आहेच. एकाच प्रकारच्या कामावर भरती करताना स्त्रियांबाबत भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती. २०१९ च्या वेतन संहितेत लिंगाधारित भेदभावाविरुद्ध तशीच तरतूद आहे. दोन्हींत अपवाद आहे तो कायद्यानेच स्त्रियांना मनाई किंवा मर्यादा असलेल्या कामांचा.

तिसरा आक्षेप भाषेचा. मराठीत क्रियापदालाही लिंग असते, मग ‘करणारा/करणारी’, ‘असलेला/असलेली’ अशा तिरक्या रेघांनी जाहिरात वाचवत नाही म्हणतात. रेघा नकोत हे मलाही मान्य आहे, पण त्यांची गरजच पडत नाही. ‘टॅली येणारा मुलगा पाहिजे’ याऐवजी ‘टॅली येणाऱ्यांनी अर्ज करावा’ म्हणा. अनेकवचनाला विभक्ती लागली की लिंग आपोआप गळून पडते. ‘उमेदवाराला टॅली यायला हवे’ हीसुद्धा रोजच्या बोलण्यातलीच रचना आहे. सेल्समनला विक्री प्रतिनिधी, ऑफिस बॉयला कार्यालयीन मदतनीस म्हणता येते. यात भाषेची कुठेही ओढाताण होत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: जाहिरात गोड केली तरी मालक शेवटी मुलगाच घेणार, मग मुलींना हेलपाटा कशाला? यात तथ्य आहे. एमिलिओ कॅस्टिला आणि हे जिन ऱ्हो यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही, जाहिरातीतल्या पुरुषी किंवा बायकी छटेच्या शब्दांमुळे प्रत्यक्ष अर्जांत फारसा फरक पडलेला आढळला नाही. म्हणून ‘तडफदार’ काढून ‘मनमिळाऊ’ घालणे याला मी सुधारणा म्हणत नाही. ‘मुले’, ‘अविवाहित’, ‘फक्त मुली’ या उघड अटी आणि शब्दांच्या छटा यांत फरक केला पाहिजे. अट दार बंद करते, ती आधी काढायची. आणि तिच्या जागी कामाच्या वेळा, फिरती, भत्ता, सोय लिहिली, की मालक त्या मजकुराला बांधला जातो. मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ असे विचारले गेले, तर ‘जाहिरातीत हे कुठे आहे?’ असे उमेदवाराला विचारता येते. मोघम मजकुरात हा आधार मिळत नाही.

तेव्हा जाहिरात देण्यापूर्वी मालकाने प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: ही ओळ कामाविषयी आहे की माणसाविषयी? माणसाविषयीची ओळ एक तर कामाच्या शब्दांत पुन्हा लिहावी, किंवा खोडावी. आणि छोट्या जाहिराती घेणाऱ्या प्रत्येक वर्तमानपत्राने ‘फक्त मुले’, ‘फक्त मुली’ असा मजकूर कारण लिहून मिळेपर्यंत छापू नये. पैसे भरायला आलेल्या माणसाला कारण विचारायचे काम खिडकीवरच होऊ शकते.