भरलेल्या हप्त्यांकडे नको, उरलेल्या वर्षांकडे बघा

विमा कंपनीचं पत्र आलं की बहुतेकजण त्यात एकच आकडा शोधतात: आज पॉलिसी मोडली तर हातात किती पडतील. नाशिकच्या एका वाचक भगिनींनीही तेच केलं आणि पाठोपाठ विचारलं, ‘‘भरले एक लाख तीस हजार, मिळणार ब्याऐंशी हजार. पॉलिसी लॅप्स झाली म्हणजे बाकीचे बुडाले ना?’’

त्यांची पॉलिसी जून २०२० ची, वीस वर्षांची, बोनस मिळणारी एन्डोमेंट. विमा रक्कम पाच लाख, वर्षाचा हप्ता २६ हजार. पाच हप्ते भरले, जून २०२५ चा राहिला. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत विमेदाराचं काही बरंवाईट झालं, तर थकलेला हप्ता कापून पूर्ण विमा मिळतो. ती मुदत उलटली की पॉलिसी लॅप्स झाली असं पत्रात छापून येतं, आणि माणूस घाबरतो तो इथेच.

सगळं जातं ते अगदी सुरुवातीला हप्ते थांबवले तर. (१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नव्या पॉलिसीत फक्त पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असला तरी पहिलं वर्ष संपल्यावर काहीतरी परत मिळतं. निव्वळ टर्म विम्यात मात्र साधारणपणे काहीच नाही.) भगिनींची पॉलिसी तो टप्पा कधीच ओलांडून गेली आहे. ती आता पेड-अप आहे. पुढचे हप्ते भरायचे नाहीत, पण विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात आक्रसते. वीसपैकी पाच भरले, म्हणून पाच लाखांचे सव्वा लाख झाले. हजारी चाळीस रुपयांच्या दराने जमलेला पाच वर्षांचा एक लाख बोनस शाबूत आहे, फक्त नवा बोनस मिळणार नाही. म्हणजे २०४० साली, किंवा त्याआधी मृत्यू झाला तर वारसाला, सव्वादोन लाख.

सरेंडर व्हॅल्यूचे ब्याऐंशी हजार येतात ते याच सव्वादोन लाखांतून. हे पैसे पंधरा वर्षांनी द्यायचे आहेत. ते आजच हवे असतील, तर मधल्या पंधरा वर्षांचं व्याज कंपनी वजा करते. इथे तो दर सुमारे सात टक्के पडतो. नियमाने किमान हमी असलेली रक्कम वेगळी काढतात, चौथ्या ते सातव्या वर्षात ती भरलेल्या हप्त्यांच्या निम्मी, अधिक बोनसचा काही भाग. दोन्हींतली मोठी रक्कम तुमची.

म्हणून ब्याऐंशी हजारांची तुलना एक लाख तीस हजारांशी करू नये. सुरुवातीच्या हप्त्यांतून एजंटाचं कमिशन आणि कंपनीचा खर्च गेला, तो काही केल्या परत येत नाही. विचारायचं ते हे, की ब्याऐंशी हजार दुसरीकडे गुंतवून, कर भरून, पंधरा वर्षांत सव्वादोन लाखांपेक्षा जास्त होतील का? खात्री नसेल आणि आज पैशाची नड नसेल, तर पॉलिसी पेड-अप राहू द्यावी.

तिसरी वाट हप्ते पुन्हा सुरू करण्याची. बोनसचा दर टिकला, तर मुदतीअखेर नऊ लाख मिळतील. वीस वर्षांचा हिशेब केला तर हा परतावा जेमतेम पाच टक्के, म्हणून ‘काढून टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. पण पाच हप्ते भरून झालेत. यापुढच्या पंधरा हप्त्यांमुळे सव्वादोनाचे नऊ लाख होतात, आणि तेवढ्यापुरता परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो, शिवाय पाच लाखांचं पूर्ण संरक्षण परत मिळतं. घरात दुसरा विमा नसेल, तर माझं मत रिव्हायव्हलच्या बाजूने आहे. ही पॉलिसी मोडून जी नवी घ्यायला सांगितलं जातं, त्या नव्या पॉलिसीत सुरुवातीचा खर्च पुन्हा तुमच्याच हप्त्यांतून जातो, तोही वाढलेल्या वयाच्या दराने.

रिव्हायव्हलसाठी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षं मिळतात. पत्रावर त्या हप्त्याची तारीख ‘एफयूपी’ या अक्षरांपुढे असते. थकबाकी, व्याज आणि प्रकृतीबद्दलचं घोषणापत्र द्यावं लागतं. मधल्या काळात मधुमेह किंवा रक्तदाब निघाला असेल, तर तो लिहायलाच हवा. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार रिव्हायव्हलनंतर पुन्हा तीन वर्षं कंपनीला तुमच्या उत्तरांवर आक्षेप घेता येतो, आणि लपवलेली गोष्ट पुढे येते ती नेमकी वारस दावा करायला जातो तेव्हा.

आणखी एक ओळ पत्रात तपासा, ती कर्जाची. पॉलिसीवर कर्ज असेल, तर पेड-अप करून निवांत बसता येत नाही. व्याज साचत राहतं, आणि कर्ज व व्याज मिळून सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं की कंपनी पॉलिसी बंद करून हिशेब मिटवते. भगिनींच्या पत्रात ही रक्कम शून्य आहे. त्यांनी आता शाखेकडून रिव्हायव्हलचा आकडा लेखी मागवावा, आणि तो हाती येईपर्यंत सरेंडरच्या अर्जावर सही करू नये.