एकच बीएमआय, दोन शरीरं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे अगदी सारखा. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. संध्याकाळी जिमच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येक मुलाला हा फोटो दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. त्याच भागाकाराचे दोन तुकडे करता येतात. फक्त चरबीच्या वजनाला भागलं की एफएमआय; चरबी सोडून उरलेल्या वजनाला, म्हणजे स्नायू, हाडं, पाणी आणि अवयवांना भागलं की एफएफएमआय. दोन्हींची बेरीज बीएमआयएवढीच येते. या हिशेबाने याज्ञिकांचा एफएमआय ४.७ आणि युडकिन यांचा २.०.

आता समजा, एक मुलगा १७० सेंटिमीटर उंच आहे. जिम सुरू केली तेव्हा वजन ७२ किलो, चरबी २४ टक्के. वर्षभर नेटाने वजनं उचलल्यावर तो ७३ किलो झाला, चरबी १८ टक्के. बीएमआय २४.९ वरून २५.३ वर गेला. आपल्याकडे २५ पासून लठ्ठपणा धरतात, त्यामुळे मेहनत करून मुलगा कागदावर लठ्ठ ठरला! प्रत्यक्षात त्याचा एफएमआय ६.० वरून ४.५ वर उतरला आणि एफएफएमआय १८.९ वरून २०.७ वर चढला.

नुसती चरबीची टक्केवारी का पुरत नाही, असं कुणी विचारेल. चरबी तेवढीच राहून स्नायू वाढले तरी टक्का खाली येतो आणि चरबी जळाली असा समज होतो. एफएमआय मात्र तेव्हा जागचा हलत नाही.

अडचण आहे ती मोजण्यात. जिममधलं यंत्र अंगातून बारीक वीजप्रवाह सोडतं आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून शरीरातल्या पाण्याचा अंदाज बांधतं. चरबीचा आकडा त्या अंदाजातून निघतो. दमट हवेत तासभर घाम गाळून लगेच यंत्रावर उभं राहिलं तर आकडा हमखास भरकटतो. क्रिएटिनने स्नायूंत पाणी साठतं, तेही एफएफएमआयमध्ये स्नायू म्हणून मोजलं जातं. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, व्यायामाआधी आणि दर वेळी त्याच यंत्रावर मोजावं. एवढं करूनही यंत्र चरबीत तीन टक्क्यांनी चुकलं, तर ७३ किलोच्या आपल्या मुलाचा एफएमआय पाऊण अंकाने सरकतो. तेव्हा अर्ध्या अंकाचा फरक दिसला म्हणून आहार बदलू नये. दोन-तीन महिन्यांचे आकडे एका दिशेने जातायत का ते पाहावं आणि सोबत कमरेला टेप लावावी.