भाषांतरासाठी आलेल्या पक्षकारांच्या कागदपत्रांची गोपनीयता राखण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, ठाणे
(मा. तहसीलदार, शहापूर आणि मा. तहसीलदार, मुरबाड यांच्यामार्फत)

प्रत माहितीसाठी : मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ठाणे

विषय : भूसंपादन, वारस आणि न्यायालयीन कामातील कागद मोफत ऑनलाइन भाषांतर साधनांत टाकले जाण्यास आळा घालणे व सुरक्षित पर्याय उपलब्ध करून देणे.

महोदय,

आम्ही शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भाषांतर, अर्जलेखन व टंकलेखन करून पोट भरणारी माणसे आहोत. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यात भूसंपादन झाल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या कागदांचे स्वरूप बदलले. पूर्वी दाखल्यांचे अर्ज असत. आता मोबदल्याच्या वादाची अख्खी फाइल येते. वकील ती उच्च न्यायालयासाठी इंग्रजीत मागतात आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी हवी असते.

अशा फाइलमध्ये सातबारा, आठ-अ, फेरफार, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, बहिणींचे हक्कसोडपत्र, निवाड्याची प्रत, पासबुकाचे पहिले पान, आधार, पॅन आणि वकिलाने काढलेला मसुदा असतो. यातला सातबारा महाभूलेखवर कोणालाही दिसतो, त्याची चिंता नाही. पण हक्कसोडपत्रावरून भावाबहिणींत चाललेली धुसफूस, खाते क्रमांक, मोबाइल नंबर आणि मिळायची रक्कम एकत्र झाली, की फसवणुकीचा फोन करणाऱ्याला आणखी काही शोधावे लागत नाही. मोबदला थेट खात्यात जमा होतो. कोणाच्या खात्यात, किती आणि साधारण केव्हा, हे सगळे त्याच फाइलमध्ये असते.

प्रत्यक्षात काम कसे चालते ते सांगतो. डोळखांब किंवा टोकावड्याहून आलेला माणूस कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. आपले सरकार सेवा केंद्राचा चालक ते डाउनलोड करून त्यांची एक पीडीएफ बनवतो आणि मोफत भाषांतराच्या संकेतस्थळावर चढवतो. हवी असतात चार पाने, जातात सगळी, आधार आणि पासबुकासह. साधनाच्या खात्यात लॉगिन असेल तर भाषांतराचा इतिहास तिथेच साठतो. पुढचे गिऱ्हाईक खुर्चीवर बसते तेव्हा मागच्याचा मजकूर एका क्लिकवर असतो. ‘WhatsApp Image’ या नावाने सुरू होणाऱ्या शेकडो फाइली Downloads मध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात. आमच्या मते आपल्या भागात परदेशातल्या सर्व्हरपेक्षा या फोल्डरमधून गळती होण्याची शक्यता जास्त आहे.

तरीही सर्व्हरचा धोका काल्पनिक नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये नॉर्वेच्या एनआरके या प्रसारण संस्थेने दाखवून दिले, की Translate.com या मोफत साधनात लोकांनी टाकलेला मजकूर गुगलवर शोधला तर सापडत होता. स्टॅटऑइल या तेल कंपनीशी संबंधित कागद त्यात होते. बडतर्फीची पत्रे, करार आणि पासवर्डही होते. कोणी संगणकात घुसखोरी केली नव्हती. लोकांनी आपल्या हाताने मजकूर पेस्ट केला होता आणि सेवेने तो साठवून ठेवला होता.

कायद्याची बाजू अपुरी आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार वकील आणि पक्षकार यांच्यातील गोपनीयतेचे बंधन दुभाष्यांना व वकिलांच्या कारकुनांनाही लागू होते. परंतु तहसीलसमोरचा केंद्रचालक ना दुभाषा, ना कोणाचा कारकून. तो या चौकटीत येतो असे धरून चालता येत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यापुढे अठरा महिने दिले आहेत. तोवर मोबदल्याच्या फाइली थांबणार नाहीत.

सुरक्षित पद्धत अवघड नाही, आमच्यापैकी काही जण ती वापरतात. आधी पाने वेगळी काढायची. आधार, पॅन आणि पासबुक भाषांतराला द्यायचेच नाहीत, त्यांच्या छायाप्रती जोडायच्या; आधार लागलाच तर शेवटचे चार अंक दिसणारा मास्क्ड आधार घ्यायचा. उरलेल्या मजकुरात नावांच्या जागी P1, P2 आणि गट क्रमांकांच्या जागी G1 असे टाकायचे. P1 म्हणजे कोण, याची यादी कागदावर लिहून कपाटात ठेवायची. भाषांतर झाले, की आपल्याच संगणकावर नावे परत भरायची आणि मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडायची.

यालाही मर्यादा आहे. वीस घरांच्या कातकरीवाडीत नाव काढले तरी पाड्याचे नाव, वय आणि क्षेत्र एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. लैंगिक अत्याचाराच्या किंवा बालकांच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे. असे कागद कोणत्याही ऑनलाइन साधनात जाता कामा नयेत, नावे काढून सुद्धा नाही.

पीडीएफवर काळी पट्टी ओढली की झाले, असाही एक समज आहे. बऱ्याचदा पट्टीखाली मजकूर तसाच असतो. फाइल उघडून Ctrl+A, Ctrl+C करावे आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावे. झाकलेले नाव तिथे उमटले तर ती पट्टी फुकट गेली. अशा वेळी कागद छापून, त्यावरचे नाव काळे करून तो पुन्हा स्कॅन करावा.

यंत्राची मदत हवीच असेल तर ते इंटरनेटशिवाय चालणारे असावे. गुगल ट्रान्सलेटच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये मराठी भाषा आधी डाउनलोड करून ठेवता येते. फोन फ्लाइट मोडवर टाकून, वायफायही बंद आहे ना ते पाहून भाषांतर करावे; मग भाषांतर होताना मजकूर फोनबाहेर जात नाही. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटाने २०२३ मध्ये खुले केलेले इंडिकट्रान्स२ स्वतःच्या संगणकावर बसवता येते, पण ते बसवायला जाणकार लागतो. आणि कुळ, पोटखराबा, इतर हक्क अशा महसुली मजकुरात यंत्र अडखळते, तिथे माणसाला पर्याय नाही.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी, की दोन्ही तालुक्यांतील आपले सरकार सेवा केंद्रांना लेखी आदेश द्यावेत : पक्षकाराची अख्खी फाइल ऑनलाइन भाषांतर साधनात टाकू नये, केंद्राच्या संगणकावर भाषांतराचा इतिहास बंद ठेवावा, आणि काम संपताच पक्षकारासमोर Downloads व रीसायकल बिन रिकामे करावे. केंद्र तपासणीच्या वेळी हे पाहिले जावे. नुसता फलक लावून भागणार नाही.

शहापूर आणि मुरबाड तहसील कार्यालयांत प्रत्येकी एक संगणक इंटरनेटविना चालणाऱ्या भाषांतर साधनासह द्यावा. आपण व विधी सेवा प्राधिकरण यांनी मिळून गोपनीयतेची लेखी हमी दिलेल्या भाषांतरकारांची यादी तयार करावी, दर ठरवून द्यावेत आणि गरीब पक्षकारांचा खर्च उचलावा. माणूस मोफत साधनाकडे वळतो तो मुख्यतः पैशापायी आणि घाईपायी. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांवरून महसुली शब्दांची छोटी मराठी-इंग्रजी पुस्तिका छापून केंद्रांना दिली, तर निम्मे पेस्ट करणे आपोआप थांबेल असे आम्हांला वाटते.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून, मंजूर नसलेली क्लाउड साधने टाळायला आणि यंत्राचे भाषांतर जाणत्या भाषांतरकाराकडून किंवा न्यायाधीशांकडून तपासून घ्यायला सांगितले आहे. आपल्याकडे जिल्हा पातळीवर परिपत्रकाने सुरुवात करता येईल.

या विषयावर केंद्रचालक, वकील आणि आम्ही यांची एकत्र बैठक तहसील कार्यालयात बोलवावी आणि झालेल्या निर्णयाची प्रत आम्हांस मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भाषांतरकार, अर्जलेखक व टंकलेखक