राक्षस मोठा की संकासुर?

खलनायकांची क्रमवारी लावायला बसलं की लोक आधी ताकद मोजतात. कोणी किती लोक जिंकले, किती वर मिळवले. मालवणच्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहणाऱ्याला हा हिशेब चुकीचा वाटेल.

आख्यानातला राक्षस बघा. पखवाज चढतो, आरोळी घुमते, तलवार फिरवत तो रंगमंच व्यापतो. इंद्राला पळवतो, पहाटे मरतो. सकाळी घरी परतताना लोक बोलतात ते राक्षसपार्टी करणाऱ्या नटाबद्दल. राक्षसाचं नाव बहुतेकांना आठवत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा कुठलाही असुर चालला असता.

संकासुर मात्र मुख्य आख्यानाच्या आधीच, आडदशावतारात येऊन जातो. ब्रह्मदेवाचे वेद चोरतो आणि विष्णूच्या हातून संपतो. पराक्रम म्हणावा तर एवढाच. पण तो काळा वेश आणि काळा मुखवटा दिसला की लहान पोरही त्याला ओळखतं. आत कोण नट आहे, याची चौकशी कोणी करत नाही. देव ग्रांथिक मराठी बोलतात, हा मालवणीत बोलतो. संवाद लिहिलेले नसल्याने ज्या गावात खेळ, त्या गावावर तो बोलतो. आज मारला तरी उद्या पुढच्या गावच्या जत्रेत हजर.

यावरून मी १० गुणांची वाटणी करतो. नट बदलला तरी पात्र ओळखू येतं का, याला ४. त्याची वाक्यं दुसऱ्या कोणाच्या तोंडी न शोभण्याइतकी त्याची आहेत का, याला ३. कथा संपल्यावर लोकांच्या बोलण्यात तो उरतो का, याला २. ताकदीला फक्त १.

आता १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू घ्या. कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून आलेली, अंगकाठी बाहुल्याची. ताकदीचा गुण मी अर्धाच देईन. पण रामदास पाध्यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांनी त्याला असा घडवला की चित्रपट न पाहिलेलं मूलही नाव ऐकून दचकतं. त्याला हवंय तेही नेमकं आहे: लक्ष्याचं शरीर. जग जिंकण्याच्या गप्पांपेक्षा ही मागणी जास्त भिववते, कारण ती एका ओळखीच्या माणसावर येऊन थांबते. पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीवर त्याला पूर्ण गुण, दुसऱ्या कसोटीवर २. एकूण साडेआठ.

संकासुराला ओळखीचे ४ आणि वाणीचे ३ मी बिनदिक्कत देतो. ताकदीचा अर्धा. उरण्याचा मात्र १ च, कारण कोकण आणि गोव्याबाहेर त्याला ओळखणारे थोडे. म्हणजे तोही साडेआठवर. बरोबरी झाली तर मी वाणीचे गुण पाहतो आणि संकासुराला वर ठेवतो. रोज नव्या गावाशी नव्याने बोलणं तात्याला जमलेलं नाही. त्याची वाक्यं १९९३ मध्येच पक्की झाली.